जर्मनबाई आणि बारावा अर्ज

जर्मनबाईंनी जर्मनी पाहिलेली नव्हती. विमानतळ पाहिला होता, तोही एका विद्यार्थिनीला सोडायला गेल्या तेव्हा, काचेच्या अलीकडून. पण त्यांच्याकडून पत्र तपासून घेतल्याशिवाय आजूबाजूच्या चार वस्त्यांतला एकही इंजिनियर त्या देशाला अर्ज धाडत नव्हता.

झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली होती. लोखंडी जिना, दोन बाकं, एक पांढरा फळा आणि भिंतीला लागून ठेवलेल्या जुन्या मशीनच्या माहितीपुस्तिका, कमरेइतक्या उंच. त्या पुस्तिका हीच बाईंची शाळा आणि हेच बाईंचं कॉलेज. सव्वीस वर्षं त्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होत्या. साहेब पेन्सिलीने काढत, बाई शाईने गिरवत. परदेशातून मशीन यायचं तेव्हा पेटीत पुस्तिका जर्मनमध्ये असायची. साहेब लोक ती चाळायचे, चित्रं पाहायचे आणि चहाच्या कपाखाली ठेवायचे. बाईंनी ती कपाखालून काढली. फुटपाथवर मिळालेला डबक्यात पडून फुगलेला शब्दकोश घेतला आणि डबा खायच्या सुट्टीत एकेक ओळ सोडवायला बसल्या. माणसं परकी भाषा शिकताना आधी 'नमस्कार' शिकतात. बाई आधी 'धोका' शिकल्या. मग 'हात घालू नये'. मग 'बेअरिंग दर दोन हजार तासांनी तपासावे'. पंचेचाळीसाव्या वर्षी मोठी परीक्षा दिली तेव्हा तोंडी परीक्षा घ्यायला जर्मनीहून आलेल्या पाहुणीने विचारलं, "इतकं नेमकं बोलायला कुठे शिकलात?"

"मशीनकडून," बाई म्हणाल्या. हसल्या नाहीत. पाहुणी हसली आणि तिने पैकीच्या पैकी गुण दिले.

तर अशा बाईंसमोर एका शनिवारी सकाळी दोघं येऊन बसले. एक इंजिनियर, तिशीतला, शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात देखभालीचं काम करणारा. बाईंच्या वर्गात तो दोन वर्षं घासून जर्मनची बी-दोन ही वरची पातळी पास झाला होता. दुसरे त्याचे वडील, सरकारी कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांच्या खिशाला दोन पेनं होती आणि छाती त्या पेनांच्याही पुढे होती.

"बाई, हा शेवटचा," इंजिनियर म्हणाला. "अकरा अर्ज गेले. अकरा नकार आले. आमच्या पंपघराचं काम पुढच्या महिन्यापासून ठेकेदाराकडे जातंय. तो म्हणतो, ऑफिसात बस, हजेरीपत्रक सांभाळ. हा बारावा लागला तर ठीक, नाहीतर मी हजेरीपत्रक सांभाळतो."

"जाहिरात?"

त्याने कागद पुढे केला. तिकडची पंप बनवणारी कंपनी होती; पंपघरातले पंप तिचेच. जुने पंप बसवलेल्या ठिकाणी जाऊन बिघाड शोधणारा इंजिनियर हवा होता. मुदत बुधवारपर्यंत. बाईंनी दोनदा वाचलं. हे काम या पोराच्या मापाचं शिवलेलं होतं.

"आणि अर्ज?"

अर्ज तीन पानी होता. सोबत जोडपत्रं सदतीस. त्यात शाळेतल्या चित्रकला परीक्षेचं प्रमाणपत्र होतं, पोहण्याच्या स्पर्धेतला सहभाग होता आणि नगरसेवकाने दिलेला चारित्र्याचा दाखलाही होता. बाईंनी पहिली ओळ वाचली आणि चष्मा काढला.

"'परमपूज्य महोदय, आपल्या चरणी सविनय विनंती की'... हे कुणी लिहिलं?"

"मसुदा माझा," अण्णा म्हणाले. "त्याने फक्त जर्मनमध्ये उतरवला. चौतीस वर्षं अर्ज लिहिले मी. माझा मसुदा परत आलेला नाही."

"मसुदा परत आला नसेल. पोरगा अकरा वेळा परत आला."

इंजिनियर खाली बघायला लागला. बाईंनी पेन उचललं. पहिल्या परिच्छेदात वडिलांचं नाव, आजोबांची नोकरी, घरची परिस्थिती. काट. दुसऱ्यात 'मी अत्यंत प्रामाणिक, मेहनती, होतकरू'. काट. 'मला एक संधी द्यावी, मी आयुष्यभर ऋणी राहीन'. काट, काट. शेवटी 'आपला आज्ञाधारक सेवक'. तिथे बाईंनी इतक्या जोरात रेघ ओढली की कागद फाटला.

"अहो, पोराच्या पोटावर पाय देताय तुम्ही!" अण्णा उठले. "नम्रता नको? मोठ्या माणसाला लिहायचं म्हणजे चार पायऱ्या खाली उभं राहून लिहायचं असतं."

"बसा." बाईंचा आवाज चढला. "नकाराचं एखादं पत्र आणलंय का रे?"

इंजिनियरने फोनमध्ये शोधून दिलं. बाईंनी पहिली ओळ आधी जर्मनमध्ये वाचली, मग अण्णांकडे वळून मराठीत सांगितली. "'अति आदरणीय श्री', पुढे याचं आडनाव. नोकरी नाही म्हणतायत, पण पहिली ओळ ही. आणि याने त्यांना लिहायचं तेही नेमकं हेच. 'अति आदरणीय श्रीमती', पुढे जाहिरातीत नाव असलेल्या बाईचं आडनाव, स्वल्पविराम, आणि कामाला लागायचं. त्यांच्याकडे अर्ज करणारा आणि अर्ज घेणारा एकाच पायरीवर उभे असतात, अण्णा. हा चार पायऱ्या खाली जाऊन बसला की त्यांना तो दिसतच नाही."

अण्णांनी फोन हातात घेतला. अक्षर एक कळत नव्हतं, तरी ती ओळ बराच वेळ पाहिली. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो वेळा 'माननीय' लिहिलं होतं. त्यांना उलट कुणी लिहिलं होतं की नाही, हे ते बहुतेक आठवून पाहत होते. मग फोन परत देऊन ते खाली बसले.

बाईंनी फळ्यावर चौकट काढली. वर स्वतःचा पत्ता, त्याखाली कंपनीचा, उजवीकडे तारीख. मग ठळक अक्षरात एक ओळ: कुठल्या जागेसाठी आणि जाहिरातीचा क्रमांक. तिच्या आधी 'विषय' हा शब्द लिहायचा नाही, आता तिकडे तशी पद्धत नाही. सगळं मिळून एक पान. खाली 'स्नेहपूर्वक शुभेच्छांसह' अशा अर्थाचे त्यांचे ठरलेले तीन शब्द, सही, संपलं. जोडपत्रं कामाची तेवढीच: कामाचा आलेख, पदवी, ती तिकडे मान्य असल्याचा कागद, भाषेचं प्रमाणपत्र, आधीच्या नोकरीचे दाखले. सगळी एकाच फाइलमध्ये.

"मग मधल्या रिकाम्या जागेत काय?" अण्णांनी विचारलं.

"तेच मी याला विचारतेय. तू काय केलंस?"

इंजिनियरने घसा साफ केला. "माझ्या नेतृत्वाखाली पंपघरातल्या बिघाडांचं प्रमाण ऐंशी टक्क्यांनी..."

"हे तू इंटरनेटवरून उचललंयस. काय केलंस?"

"आम्ही बेअरिंगचा प्रश्न सोडवला."

"आम्ही कोण?"

"म्हणजे... टीमने."

"टीम जर्मनीला चाललीय का? तू सांग. सकाळी गेलास, हातात काय घेतलंस, कुठे लावलंस?"

काम सांगता येत नाही आणि नोकरी मागता येते, ही आपल्याकडच्या शिकलेल्यांची जुनी अडचण. शेवटी तो म्हणाला, "बाई, असं बसून नाही सांगता येत. तिथे उभं राहिलं की येतं."

"मग चल तिथे."

सोमवारी सकाळी दहाला बाई पंपघराच्या फाटकावर हजर झाल्या. वहीत नाव लिहिलं, डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवलं. अंबाड्यावर ते बसेना, मग अंबाडा सोडून वेणी घातली. अण्णाही आले होते. चपला चालणार नाहीत म्हटल्यावर त्यांनी रखवालदाराचे बूट मागून घातले.

लोखंडी दार उघडलं आणि बाई उंबऱ्यातच थांबल्या.

आधी आवाज आला. आवाज म्हणणंही कमीच. तो कानांनी ऐकायचा नव्हता, पायांच्या तळव्यांतून वर येत होता आणि बरगड्यांत जाऊन बसत होता. खाली, दोन मजले खोल, लांबलचक दालनात पाच पंप एका रांगेत बसले होते. प्रत्येकाची उंची माणसाएवढी, निळा रंग, खांद्याला खांदा लावून मोटर. त्यांच्यातून निघालेल्या पाइपांत माणूस वाकून चालू शकेल. काहीच हलताना दिसत नव्हतं. फक्त जाळीआड मोटर आणि पंप जोडणारा दांडा फिरत होता, इतक्या वेगाने की थांबल्यासारखा वाटत होता.

"क्रायझेलपुंपे," बाई पुटपुटल्या.

हा शब्द त्यांनी आयुष्यात किती वेळा लिहिला असेल! क्रायझेल म्हणजे भोवरा. भोवऱ्यासारखा फिरून पाणी फेकणारा पंप. त्याच्या पोटातलं चाक त्यांनी शाईने शेकडो वेळा गिरवलं होतं, पाकळी न पाकळी, अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेने. पण ड्रॉइंग ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं आणि मशीनच्या मजल्यावर बायकांना सोडत नसत. सव्वीस वर्षं जो नखशिखांत माहीत होता, त्याला जिवंत त्या आज पहिल्यांदा पाहत होत्या.

"हा... हा कुठवर पोचवतो पाणी?"

"टेकडीवरच्या टाकीपर्यंत. तिथून सगळ्या शहरात," इंजिनियर म्हणाला. "बाई, सकाळी तुम्ही तोंड धुतलंत ना, ते याच्यातून आलं."

बाईंनी कठड्याला धरलं. कठडा थरथरत होता. त्यांच्या अंगावर काटा आला आणि त्यांनी तो कुणाला दिसू नये म्हणून पदर दंडावर ओढून घेतला. अण्णांनी तर चक्क हात जोडले, मग कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं.

खाली तिसऱ्या पंपापाशी एक म्हातारा फिटर उभा होता. हातात बोटभर जाडीची लोखंडी कांब. तिचं एक टोक त्याने बेअरिंगच्या डब्यावर टेकवलं होतं, दुसरं कानामागच्या हाडावर. डोळे मिटलेले. तो तपासत असताना कुणी त्याला हाक मारत नसे.

"हे आमचे डॉक्टर," इंजिनियर हळूच म्हणाला.

डॉक्टरांनी डोळे उघडले. "बरा आहे. तीन नंबर आता सुखात आहे. ह्या कोण?"

"माझ्या जर्मनच्या बाई. अर्ज लिहायचाय, तीन नंबरची गोष्ट हवीय त्यांना."

"ती होय!" डॉक्टर खुलले. "अहो, दर तीन महिन्यांनी याचं बेअरिंग जायचं. साहेब म्हणायचे, बेअरिंग नकली आहे. बदला. बदललं की परत तेच. मी कांब लावून ऐकलं. बेअरिंगचा आवाज वेगळा असतो, दळल्यासारखा. हा कण्हत होता. कुणीतरी दंड पिरगाळून धरल्यासारखा. मी म्हटलं, साहेब, दुखणं बेअरिंगचं नाही, याला बाहेरून कुणी ओढतंय. वर्षभर ओरडत होतो."

बाई सावकाश इंजिनियरकडे वळल्या. "म्हणजे बिघाड तू नाही शोधलास?"

त्याचे कान लाल झाले.

"'माझ्या नेतृत्वाखाली'," बाई म्हणाल्या. रागाने त्यांचा आवाज बारीक झाला. "आणि तिकडच्या माणसाने विचारलं असतं, कसं कळलं तुला, तर काय सांगणार होतास? स्वप्नात आलं?"

"बाई, थांबा," डॉक्टर मध्ये पडले. "ऐकलं मी. पण ऐकलेलं सांगून कुठे काय होतं? सात साहेब आले आणि गेले, माझी कांब बघून हसायचे. हा पहिला, ज्याने विचारलं, काका, कुठून ओढतंय? सांग ना रे, तू काय केलंस ते."

इंजिनियर पंपाजवळ गेला. हात जाळीवर ठेवला आणि बोलायला लागला. आता 'आम्ही' नव्हतं, ऐंशी टक्के नव्हते.

"पंप बंद केला. हे जोडणीचं टोक, इथे घड्याळासारखं माप लावलं. काटा शून्यावर आणला. मग तिकडे गेलो, जाड पाइप पंपाला जिथे जोडलाय तिथे. तिथले बोल्ट एकेक करून ढिले केले आणि काका काट्याकडे बघत उभे राहिले. पाइप सुटला तसा काटा हलला. मिलिमीटरचे अठरा शतांश. चालतात पाच. बोल्ट आवळले की पाइप पंपाला ओढत होता, सरळ बसवलेला पंप वाकडा होत होता, म्हणून बेअरिंग जात होतं. पाइपाखालचे टेकू खचले होते. ते मी मोजून नव्याने बसवून घेतले, पाइप आपल्या जागी आपोआप येईल असे. चौदा महिने झाले. तेच बेअरिंग आहे."

बाईंनी चष्मा पुसला. एका म्हाताऱ्याने कानाच्या हाडाने ऐकलेलं कण्हणं आणि एका पोराने काट्यावर आणलेले अठरा शतांश. केसाच्या दोन-तीन पट जाडीचं अंतर. त्याच्यापायी एवढा डोंगर वर्षभर आजारी होता. आणि हे करणारा माणूस 'मला एक संधी द्यावी' म्हणून चरणी लोळण घेत होता!

"कांब देता?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टरांनी त्यांचा हात धरून एक टोक बेअरिंगच्या डब्यावर आणि दुसरं कानामागे नीट टेकवलं. बाईंनी डोळे मिटले. आत वारा होता. एकसारखा, गोल, कुठेही न अडकणारा. कितीतरी वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. शेवटी रखवालदार वेळ संपली म्हणून बोलवायला आला.

दुपारी तिघं खोलीवर अर्ज लिहायला बसले. पहिला परिच्छेद सरळ झाला: तुमचे पंप मी पाच वर्षं सांभाळतोय, म्हणून या जागेसाठी लिहितोय. मग तीन नंबरची पाळी आली. इंजिनियर लिहीत होता, बाई मागून बघत होत्या. वाक्य असं होतं: एका अनुभवी फिटरने पंपाच्या आवाजावरून दिलेल्या सूचनेनंतर मी पाइपाचा ताण मोजला.

"फिटर कशाला?" अण्णा कळवळून म्हणाले. "खोटं लिही म्हणत नाही मी. पण मोजलं यानेच ना? मग तेवढंच लिहा. एका पानात आपलीच जागा दुसऱ्याला द्यायची? शेवटचा अर्ज आहे रे बाबा!"

बाईंनाही ते पटण्यासारखं होतं. जागा खरंच कमी होती. तिकडचा अर्ज स्वतःबद्दल असतो, शेजाऱ्याबद्दल नाही. कितीतरी जणांच्या पत्रातून त्यांनीच असली वाक्यं उडवली होती. त्यांनी पेन पुढे नेलं. मग इंजिनियरकडे पाहिलं. "तू ठरव. सही तुझी आहे."

त्याने वाक्य पुन्हा वाचलं. "बाई, जाहिरातीतलं काम काय आहे? लोकांच्या गावी जाऊन त्यांचे पंप बघायचे. तिथे प्रत्येक ठिकाणी एक डॉक्टर असणार. आणि त्याला हसणारे सात साहेब. मला त्यातलं काय येतं ते या एका वाक्यात आहे. ते काढलं तर उरतं फक्त माप. ते कुणालाही लावता येतं."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. आपल्या विद्यार्थ्याकडे त्या क्षणभर पंपाकडे पाहावं तसं पाहत राहिल्या.

शेवटची ओळ त्यांनी सांगितली. 'बोलावलंत तर आनंद होईल', 'जमल्यास', 'कृपा झाल्यास' असलं काही नाही. 'प्रत्यक्ष बोलण्याची मी आनंदाने वाट पाहतो.' आणि नोटीस तीन महिन्यांची, म्हणून कधीपासून येऊ शकेन ती तारीख. अण्णांनी ते एक पान दोन्ही हातांत धरलं. "किती रिकामं आहे हो," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण ताठ आहे."

मंगळवारी अर्ज गेला. नवव्या दिवशी उत्तर आलं, संगणकावर समोरासमोर बोलायचं.

इंजिनियरच्या घरी पाहुणे होते, म्हणून तो बाईंच्याच खोलीत बसला. भर दुपारी, इस्त्रीचा शर्ट घालून. बाई पडद्यात दिसणार नाहीत अशा बेताने दाराशी स्टुलावर. अण्णा जिन्यात, कारण त्यांना खोकला आवरत नव्हता. समोर दोघं आले: पत्रावर जिचं नाव होतं ती श्रीमती, आणि एक जाडजूड, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ, देखभाल विभागाचा प्रमुख. श्रीमतींनी नोकरीचं, भाषेचं, तारखांचं विचारलं. इंजिनियर एकदा अडखळला, सावरला. मिशीवाला गप्पच होता.

मग मिशीवाल्याने अर्जाचा छापील कागद उचलला. त्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती.

"या फिटरने नेमकं काय ऐकलं?" त्याने विचारलं.

इंजिनियरला 'कण्हणं' हा शब्द जर्मनमध्ये येत होता. बाईंनीच शिकवला होता, पंपघरातून परतताना. त्याने तो वापरला. दळण्याचा आवाज नाही, म्हणाला, कण्हण्याचा. कुणीतरी दंड धरून पिरगाळल्यासारखा. बेअरिंगच्या डब्यावर कांब टेकवून, कानामागच्या हाडाने.

मिशीवाला हसला नाही. तो पडद्यातून उठून गेला. श्रीमती गोंधळल्या. खणांचा खडखडाट ऐकू आला. मग तो परत बसला आणि त्याने हातातली वस्तू समोर धरली. फूटभर लांब लोखंडी कांब, एका टोकाला लाकडाची मूठ, मूठ हाताच्या घामाने काळी पडलेली.

"माझ्या उस्तादाची," तो म्हणाला. "आमच्याकडच्या नव्या मुलांना मी देऊ करतो. ती मापाच्या यंत्राकडे बघतात आणि माझ्याकडे दयेने." मग पुढे वाकून म्हणाला, "बोल्ट ढिले करताना तुम्ही कुठल्या क्रमाने केलेत ते सांगा. घाई नाही."

पुढची चाळीस मिनिटं ते दोघं पाइपात शिरले ते बाहेर आले नाहीत. दाराशी बसलेल्या बाईंना एकेक शब्द कळत होता, कपाखालच्या पुस्तिकेतलाच प्रत्येक शब्द होता, आणि तरी त्या पहिल्यांदा ऐकत असल्यासारख्या तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या.

तीन आठवड्यांनी कराराचा कागद आला. इंजिनियर तो घेऊन जिना चढला तेव्हा अण्णा पाठोपाठ होते, पेढ्यांचा पुडा घेऊन. बाईंनी आधी करार वाचला, सगळ्या अटींसकट, मगच पेढा घेतला. मग इंजिनियरने पंपघरात फोन लावला आणि आवाज मोठा केला. मागे पाचही पंपांची घरघर होती.

"काका, लागलं! आणि ऐका, तिकडच्या साहेबाकडे पण तुमच्यासारखीच कांब आहे. त्याच्या उस्तादाची."

डॉक्टरांनी आधी एकच विचारलं.

"लावतो कुठे ती? कानात की हाडावर?"

"हाडावर, काका. दाखवलं त्याने."

"मग जा," डॉक्टर म्हणाले. "त्या माणसाकडे काम करायला हरकत नाही."